विश्लेषण : कोयनेचे दरवाजे कधी उघडायचे? बाद करता येणारे पर्याय आणि बाद न करता येणारे

जुलैचा शेवटचा आठवडा आला की कराडमध्ये प्रत्येक मोबाइलवर त्याच तीन आकड्यांची देवाणघेवाण सुरू होते. कोयनेतील साठा किती टीएमसी, आवक किती क्युसेक आणि दरवाजे किती फुटांनी उचलले? प्रीतिसंगमावर पाणी चढू लागले की ‘आधीच का सोडले नाही?’ असा सवाल होतो. पाऊस दडी मारतो त्या वर्षी दिवाळीनंतर नेमका उलटा सवाल येतो : ‘तेव्हा एवढे पाणी का सोडून दिले?’ दोन्ही सवाल विचारणारी माणसे बहुधा तीच असतात आणि दोन्ही वेळा ती चुकीची नसतात. एका मापावर उजवा आणि दुसऱ्यावर डावा ठरणाऱ्या निर्णयाचे हे दुखणे आहे. अशा निर्णयांची छाननी करण्याची एक पद्धत आहे. ती उत्तर देत नाही, पण कोणते पर्याय चर्चेलाच घेऊ नयेत हे नेमके सांगते.

कोयनेपुढचा पेच नेमका काय?

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. या साठ्याला दोन दिशांनी मागणी असते. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पाणी पोफळीच्या वीजगृहांकडे उतरते. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. पूर्वेकडे तेच पाणी नदीपात्रातून कराडला येऊन कृष्णेला मिळते. पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांतून ते सांगली जिल्ह्याच्या आणि त्यापलीकडच्या दुष्काळी भागात चढवले जाते. ऑक्टोबरच्या मध्यावर धरण काठोकाठ भरलेले असावे, असे या दोन्ही मागण्यांना वाटते.

पूर टाळायचा तर याच्या उलट करावे लागते. ऑगस्टमध्ये धरणात रिकामी जागा असली तरच अतिवृष्टीचे पाणी अडवता येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास चढले. आणि २०२३ मध्ये ऑगस्ट इतका कोरडा गेला की कोयना भरलेच नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात पाणी पूर्वेला किती सोडायचे यावरून सातारा आणि सांगलीत ओढाताण झाली.

म्हणजे एका मापावर बघायचे ते पुराच्या वेळचा सर्वांत मोठा विसर्ग, जो जितका कमी तितका चांगला. दुसऱ्यावर बघायचे तो पाऊस फिरकला नाही तर हंगामअखेर उरणारा साठा, जो जितका जास्त तितका चांगला.

हिशेब मांडण्यापूर्वी दोन गुणोत्तरे

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. भागाकार केला की ११,५७४ येतात. म्हणजे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी जाते. बातमीत ‘पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक’ असे वाचतो तेव्हा दिवसाला ०.१८ टीएमसी जात असते. तेवढ्याने पुरासाठी जागा होत नाही.

दुसरे गुणोत्तर पावसाचे. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला तर सव्वातीन टीएमसीच्या आतबाहेर पाणी धरणात येते. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचे पावसाचे आकडे आपण रोज वाचतो, ते याच गुणोत्तरातून धरणात उतरतात. नवजाला ३०० मिलिमीटर पडला म्हणजे साऱ्या पाणलोटात तेवढा पडला असे नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

पाच पर्याय, दोन भविष्ये

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. ते कोणत्याही एका वर्षाचे नाहीत, पण प्रमाण कोयनेचेच आहे. सोपेपणासाठी क्षमता १०५ धरू आणि पश्चिमेकडचा रोजचा वापर बाजूला ठेवू.

ऑगस्टची सुरुवात आहे आणि साठा ९२ टीएमसी आहे. अंदाज सांगतो की दोन दिवसांनी मोठा पाऊस येऊ शकतो. त्या आधीच्या दोन दिवसांत रोज २ टीएमसी आवक नक्की आहे. अंदाज खरा ठरला तर पुढच्या चार दिवसांत ६, ९, १० आणि ७ असे एकूण ३२ टीएमसी येतील. अंदाज फसला आणि पाऊसच रुसला, तर उरलेल्या हंगामात मिळून फक्त ८ टीएमसी येतील.

अधिकाऱ्यांपुढे पाच पर्याय आहेत, असे समजू.

अ : काहीच सोडायचे नाही. धरण भरले की येईल तेवढे पुढे सोडायचे.
आ : आधीचे दोन दिवस थांबायचे, मात्र मोठा पाऊस सुरू होताच पहिल्या दिवसापासून एकसारखा विसर्ग ठेवायचा.
इ : आधीचे दोन दिवस रोज २ टीएमसी सोडायचे, मग ‘आ’प्रमाणे एकसारखे.
ई : आधीचे दोन दिवस रोज ४ टीएमसी.
उ : आधीचे दोन दिवस रोज ५ टीएमसी.

‘इ’चा हिशेब पूर्ण करून पाहू. ९२ मध्ये दोन दिवसांची ४ टीएमसी आवक मिळवली, सोडलेले ४ वजा केले, साठा ९२ च राहिला. रिकामी जागा १३. येणारे पाणी ३२. म्हणजे चार दिवसांत १९ टीएमसी सोडावेच लागणार. एकसारखे सोडले तर दिवसाला ४.७५, म्हणजे सुमारे ५५,००० क्युसेक. पाऊस फसला तर ९२ अधिक ८, साठा १०० टीएमसी. इतरांचेही असेच काढले की चित्र असे दिसते. पहिला आकडा मोठा पाऊस आल्यास धरणातून होणारा सर्वांत मोठा विसर्ग, दुसरा पाऊस फसल्यास हंगामअखेरचा साठा.

अ : १,१५,७०० क्युसेक, १०४ टीएमसी
आ : ६६,५०० क्युसेक, १०४ टीएमसी
इ : ५५,००० क्युसेक, १०० टीएमसी
ई : ४६,३०० क्युसेक, ९६ टीएमसी
उ : ५७,९०० क्युसेक, ९४ टीएमसी

‘अ’ला एक लाख पंधरा हजार कुठून आले? धरण दुसऱ्या दिवशी भरते. तिसऱ्या दिवशीचे १० टीएमसी जसेच्या तसे खाली सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ‘उ’मध्ये उलटे घडते. पाऊस येण्याआधीच रोज ५ टीएमसी सोडल्याने तो विसर्गच सर्वांत मोठा ठरतो. पूर टाळण्यासाठी केलेली घाई स्वतःच विसर्गाचा उच्चांक होऊन बसते.

कोणता पर्याय बाद आणि का?

नियम एवढाच आहे. एखाद्या पर्यायाच्या तोडीचा किंवा सरस असा दुसरा पर्याय दोन्ही मापांवर उपलब्ध असेल आणि निदान एका मापावर तो स्पष्ट सरस असेल, तर पहिला पर्याय बाद करायचा. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो परेतो यांच्या नावाने ही कल्पना ओळखली जाते. कशालाही किती महत्त्व द्यायचे हे न ठरवता छाननी करता येते, हा तिचा गुण. सांगलीकराला पूर महत्त्वाचा वाटो किंवा आटपाडीकराला साठा, बाद होणारा पर्याय दोघांसाठीही बादच असतो.

पर्याय पाच असोत वा पाचशे, पडताळणी एकाच फेरीत होते. विसर्ग कमी ते जास्त असे सगळे पर्याय ओळीने लावायचे. विसर्ग सारखा असेल तर जास्त साठ्याचा आधी. मग वरून खाली येताना आतापर्यंत दिसलेला सर्वांत मोठा साठा लक्षात ठेवायचा. नवा पर्याय त्याहून जास्त साठा देत असेल तर राखायचा, नाहीतर खोडायचा. आपल्या यादीत ‘ई’ पहिला, साठा ९६, राहिला. मग ‘इ’, १००, राहिला. ‘उ’ ९४, म्हणजे १०० पेक्षा कमी, खोडला. ‘आ’ १०४, राहिला. ‘अ’ही १०४, पण वाढ नाही, खोडला. ओळ लावलेली असल्याने खालच्याचा विसर्ग वरच्याहून जास्तच असतो, मग साठाही जास्त नसेल तर त्याच्याजवळ देण्यासारखे काही उरत नाही.

उरले ‘आ’, ‘इ’ आणि ‘ई’. यांच्यात जास्त पाणी राखायचे तर जास्त विसर्ग सोसावा लागतो. इथून पुढे गणित गप्प बसते. ‘आ’वरून ‘इ’वर येताना ४ टीएमसी पणाला लावून ११,५०० क्युसेक कमी होतात. ‘इ’वरून ‘ई’वर येताना पुन्हा ४ टीएमसी जातात, पण विसर्ग ८,७०० नेच घटतो. हा सौदा परवडतो का, हे ज्याच्या घरात पाणी शिरते आणि ज्याचे शेत कोरडे राहते त्यांच्यातले भांडण आहे.

‘अ’ला मात्र वेगळे काढले पाहिजे. पूर ओसरल्यावर होणाऱ्या वादात ‘पाणी साठवायचेच होते म्हणून थांबलो’ असा बचाव कुणी केला, तर तो ‘आ’च्या समोर टिकत नाही. तेवढेच पाणी राखून विसर्ग जवळपास निम्म्यावर आणता येत होता. किती पाणी सोडायचे यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. तेच पाणी उशिरा आणि एकदम सोडण्याला दोन्ही मापांवर काही मोबदला नाही.

माप धरणाच्या दारात घ्यायचे की पुलाजवळ?

या पद्धतीचा खरा धोका इथे आहे. ‘उ’ आपण खोडला, कारण विसर्ग धरणाच्या दारात मोजला. पण पुराचे पाणी कोयनानगरच्या दारात कुणाच्या घरात शिरत नाही. ते कराड, पाटण, पलूस, मिरज या तालुक्यांत आणि सांगली शहरात शिरते. तिथे कोयना एकटी नसते. धोम, कण्हेर, उरमोडीकडून येणारी कृष्णा कराडला भेटते, तारळीचे पाणी त्या आधीच मिळालेले असते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा येते. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातला पाऊस तर कोणत्याच दरवाजाच्या ताब्यात नाही.

समजा, पहिल्या दोन दिवसांत या बाकीच्या सगळ्या पाण्याचा प्रवाह २०,००० क्युसेक आहे आणि मोठ्या पावसाच्या चार दिवसांत तो ६०,००० वर जातो. प्रवासाचा वेळ तूर्त सोडून देऊ. आता खालचा सर्वांत मोठा प्रवाह काढा.

अ : १,७५,७०० क्युसेक
आ : १,२६,५०० क्युसेक
इ : १,१५,००० क्युसेक
ई : १,०३,४०० क्युसेक
उ : ९७,६०० क्युसेक

‘उ’ सर्वांत खाली आला. कारण त्याचे ५७,९०० क्युसेक नदी रिकामी असताना निघून गेले. एकूण प्रवाह तेव्हा ७७,९०० इतकाच होता. पाऊस कोसळत असताना त्याला धरणातून फक्त ३७,६०० सोडावे लागतात. धरणाच्या दारात बाद ठरलेला पर्याय पुलाजवळ मोजला तर केवळ राहतोच असे नाही, पूर टाळण्यात पहिला येतो. साठ्यात तो अजूनही शेवटचा आहे, म्हणून इतरांना बाद करत नाही. ‘अ’ मात्र दोन्हीकडे बाद. सांगलीच्या पुराचा निर्णय कोयनेच्या एका आकड्यावर जोखला की असा उपयोगी पर्याय हातचा जातो, आणि हे कागदावर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण खोडलेली ओळ पुन्हा कुणी पाहत नाही.

प्रवासाचा वेळ धरला तर आणखी एक गुंता वाढतो. कोयनेचे पाणी कराडला काही तासांत येते, सांगलीला त्याहून खूप उशिरा. म्हणून ‘पाऊस सुरू होताच’ या शब्दांचा अर्थ दोन गावांसाठी एक नसतो. अंदाज जितका लवकर हाती येईल तितका आधी विसर्ग सुरू करता येतो, पण तितकाच तो फसण्याची शक्यताही जास्त.

साठ्याचा आकडाही एक नाही

दुसऱ्या मापातही अशीच एक गाठ आहे. ४ टीएमसी कमी पडले तर ते कुणाच्या वाट्याचे? पोफळीचा उतार सुमारे पावणेपाचशे मीटरचा आहे. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या एक टीएमसी पाण्यातून साधारण तीन कोटींहून अधिक युनिट वीज होते. तूट पश्चिमेच्या माथी मारली तर बारा-तेरा कोटी युनिट बुडाले. पूर्वेच्या माथी मारली तर टेंभूच्या एखाद्या आवर्तनावर गदा आली. दरवाजातून खाली गेलेल्या पाण्याची तर वीजच होत नाही.

म्हणून साठ्याऐवजी वीज आणि सिंचन अशी वेगळी मापे करावीत, असे कुणीही म्हणेल. त्यात अर्थ आहे, पण त्याची किंमतही आहे. माप वाढले की बाद होणारे पर्याय झपाट्याने कमी होतात. दोन्ही मापांवर मागे असलेला पर्याय तिसऱ्या मापावर रेसभर पुढे असला तरी तगतो. पाच-सहा मापे घेतली की बहुतेक वेळा कुणीच बाद होत नाही आणि छाननीचा उपयोगच संपतो. बैठकीत प्रत्येक विभाग आपले एकेक माप आणतो तेव्हा हेच होते. सगळे पर्याय ‘विचाराधीन’ राहतात. माझ्या मते तीन मापांवर थांबणे शहाणपणाचे : आयर्विन पुलाजवळची पातळी, पूर्वेचे पाणी, पश्चिमेचे पाणी. बाकीच्या गोष्टी, उदाहरणार्थ कराडच्या विशिष्ट वस्त्यांत पाणी शिरू नये ही अट, माप म्हणून न ठेवता मर्यादा म्हणून ठेवाव्यात. मर्यादा ओलांडणारा पर्याय छाननीआधीच बाजूला जातो.

आकड्यांतील चुकीचाही विचार हवा. ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या धरणाजवळच्या विसर्गात २,९०० क्युसेकचा फरक आहे. आवकेचा अंदाज याहून कितीतरी पटीने चुकू शकतो. एवढ्या फरकावर एखाद्या पर्यायाला सरस म्हणणे धाडसाचे आहे. ‘उ’ला खोडण्याचे बळ खरे तर साठ्यातील ६ टीएमसीच्या तफावतीत होते. फरक चुकीच्या टप्प्यात असेल तर ते माप समान धरावे आणि दुसऱ्यावर निकाल द्यावा.

प्रत्यक्षात निर्णय कसा होतो?

धरणासाठी तारीखवार साठ्याचा आराखडा ठरलेला असतो. अमुक तारखेला पाणी अमुक पातळीच्या वर जाऊ द्यायचे नाही, असे त्यात असते. आराखडा हा अशा उरलेल्या पर्यायांपैकी एक निवडून आधीच केलेला सौदा असतो. तो बराच मागच्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला असतो, त्यामुळे पाऊस कमी दिवसांत जास्त पडू लागला की सौद्याची शिल्लक बिघडते. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२० मध्ये आला. महापुराचे खापर एकट्या अलमट्टीवर फोडण्याला त्यात आधार मिळाला नाही, तरी दर पावसाळ्यात अलमट्टीच्या पातळीचा वाद नव्याने उभा राहतोच.

सामान्य वाचकाला आराखडा रोज पाहता येत नाही. पण पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांतून थोडे ताडता येते. साठा ९० टीएमसीच्या वर, ऑगस्ट अजून पुढे, अतिवृष्टीचा इशारा जाहीर, नदी निम्म्यावर, आणि विसर्ग फक्त पायथा वीजगृहाचे २१०० क्युसेक असे दोन दिवस दिसत राहिले, तर ‘अ’च्या वाटेने चालले आहे असा संशय घ्यायला जागा आहे. त्या दोन दिवसांत पुलाखालून जाऊ शकणारे पाणी पुढच्या चार दिवसांत त्याच पुलाला टेकणार असते.